आमचं १३८, काकांचं १३८

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. सकाळी साडेदहाला आमच्या फायनान्स हेडचा मेल आला. इंटर्नल ऑडिटवाल्यांनी अकरा व्हेंडरांची यादी दिली होती आणि त्यांची पेमेंट पुढची सूचना येईपर्यंत थांबवायची होती. यादीत नववं नाव आमच्या पॅलेटवाल्या काकांचं होतं.

मी चाकणच्या एका वाहनसुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्स पेएबल बघते, म्हणजे व्हेंडरांची बिलं बुक करायची आणि दर गुरुवारी पेमेंट सोडायचं. काकांचा भोसरीत लाकडी पॅलेटचा छोटा कारखाना आहे. आठ-दहा माणसं, स्वतःचा एक टेम्पो, आणि मेल वाचायला मुलगा. आमच्याकडे त्यांची तीन बिलं बाकी होती. ३ ऑक्टोबरला आलेल्या मालाचं १,०४,००० रुपयांचं एक आणि ९ व १० ऑक्टोबरला आलेल्या मालाची प्रत्येकी १,५६,००० ची दोन. एकूण ४,१६,०००. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला तेव्हा मीच सांगितलं होतं, "काका, १४ तारखेच्या गुरुवारी तिन्ही जातील."

त्यामुळे तो मेल वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग हात आपोआप जुन्या मसुद्याकडे गेला. आमच्याकडे असले मेल नेहमी एकाच साच्यातले असतात: "अंतर्गत लेखापरीक्षण सुरू असल्यामुळे आपले पेमेंट तात्पुरते प्रलंबित आहे. प्रक्रिया पूर्ण होताच लवकरात लवकर अदा करण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार." मी तो चिकटवला, नाव बदललं आणि पाठवणार तेवढ्यात वाटलं, आधी फोन करावा. तीन आठवड्यांपूर्वी तोंडी तारीख दिली होती, तर ती मागे घेतानाही आपलाच आवाज असावा.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मॅडम, थांबायला माझी ना नाही. पण मी लाकूडवाल्याला १८ तारखेचा तीन लाखांचा चेक दिलाय. तुमच्या १४ तारखेवर दिलाय. आता तुम्ही नवी तारीख द्या, ती मी त्याला देतो. लवकरात लवकर अशी तारीख चेकवर लिहिता येत नाही."

चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ लागतं, हे औद्योगिक वसाहतीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गंमत अशी की कंपनी कायदा, २०१३ मध्ये ठरावीक कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमायला लावणारं कलमही १३८च आहे. फोन ठेवल्यावर मी वहीत लिहिलं: आमच्या १३८ मुळे काकांचं १३८ होता कामा नये. मसुदा पुसून टाकला. मेल लिहायला मला तारीख हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हतीच.

मी ऑडिट टीमच्या मॅनेजरांकडे गेले. बाहेरच्या सीए फर्मची ही टीम आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये आठवडाभर मुक्कामाला होती. "कधी मोकळं होईल?" असं विचारल्यावर जे उत्तर येतं तेच आलं. २२ तारखेपर्यंत तपासणी आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट. पण मला रिपोर्ट नको होता. म्हणून प्रश्न बदलला: "या एका व्हेंडरमध्ये नेमकं काय अडलंय?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आमच्या सिस्टिममधला डेटा काढून त्यांनी एक चाळणी लावली होती: एकच व्हेंडर, एकच रक्कम, आणि मालासोबत येणाऱ्या चलनाचा नंबरही एकच. काकांचं दुसरं आणि तिसरं बिल त्यात अडकलं होतं. दोन्हींत १२० पॅलेट, दोन्हींत १,५६,०००, टेम्पोचा नंबर तोच आणि आमच्या जीआरएनवर, म्हणजे माल-आवक नोंदीवर, चलन नंबरही तोच. कागदावर पाहिलं तर एकाच खेपेचं बिल दोनदा लागलंय असा संशय कुणालाही येईल. मलाही क्षणभर आला, खोटं कशाला बोलू.

पहिल्या बिलाचं मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते अडकलं ते ब्लॉक पूर्ण व्हेंडरवर लागला म्हणून. सिस्टिममध्ये पेमेंट ब्लॉक दोन ठिकाणी लावता येतो, व्हेंडरच्या खात्यावर किंवा एकेका बिलावर. खात्यावर लावणं सोपं, एक टिक केली की झालं, म्हणून सगळे तेच करतात. मी विचारलं, ब्लॉक खात्यावरून काढून त्या दोन बिलांवरच ठेवला तर चालेल का? मॅनेजर म्हणाले, "चालेल, मेल करा, मी हो म्हणतो." म्हणजे चार लाखांतले एक लाख चार हजार १४ तारखेलाच जाणार. हे विचारलं नसतं तर कुणीही आपणहून सांगितलं नसतं.

मग उरल्या दोन बिलांचा हिशोब मांडला, आणि तिथे माझीच एक चूक सापडली. आमची सिस्टिम ४५ दिवस बिल बुक झाल्यापासून मोजते. ती दोन बिलं मी १५ ऑक्टोबरला बुक केली होती, त्यामुळे स्क्रीनवर मुदत २९ नोव्हेंबर दिसत होती. मी निवांत होते. आमच्या हेड सरांना ती तारीख दाखवली तर त्यांनी नुसतं विचारलं, "माल कधी आला?"

काका सरकारच्या उद्यम नोंदणीत, म्हणजे लघुउद्योगांच्या यादीत, सूक्ष्म उत्पादक म्हणून नोंदलेले आहेत. अशा पुरवठादाराला एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ लागू होतं. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसेल तर १५. हे दिवस माल स्वीकारल्यापासून धरायचे, आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर माल पोचला तोच स्वीकारल्याचा दिवस. बिल आम्ही कधी बुक केलं याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आम्ही लेखी हरकत घेतली नव्हती, पॅलेट तर केव्हाच निर्यातीच्या कंटेनरमधून गेले होते. म्हणजे ९ ऑक्टोबरच्या मालाची मुदत २३ नोव्हेंबर, १० ऑक्टोबरच्या मालाची २४. इंटर्नल ऑडिट चालू आहे म्हणून ही मुदत वाढते असं त्या कलमात कुठेही नाही. ती आमच्या घरातली गोष्ट आहे.

मुदत टळली तर कलम १६ प्रमाणे व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि तेही दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्क्यांनी. मी २८ नोव्हेंबरचा गुरुवार धरून आकडा काढला. दोन्ही बिलांचं मिळून आठशे रुपयांच्या आतच. मी म्हटलं, सर, एवढंच? ते म्हणाले, "आठशे रुपये काका मागणार नाहीत. पण काकांनी मागो न मागो, ते व्याज देणं लागतं. ते वार्षिक हिशोबाच्या टिपेत दाखवावं लागतं आणि त्याची आयकरात वजावटही मिळत नाही. आठशे रुपयांसाठी मार्चमध्ये चार लोकांना उत्तरं द्यायची तयारी आहे का?"

आयकराचं ४३बी(एच) कलम तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, म्हणून तेही विचारलं. तो धोका इथे नव्हता. त्या कलमाची झळ बसते ती मुदत टळलेली रक्कम ३१ मार्चलाही बाकी राहिली तर. नोव्हेंबरचं देणं डिसेंबरात गेलं तरी वजावट त्याच वर्षी मिळते. व्हेंडर लोक मात्र ४३बी म्हटलं की आता कंपनी घाबरलीच असं समजतात.

तर २३ च्या आत पैसे जायला हवेत एवढं ठरलं. मी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. १५ तारखेला शुक्रवारी गुरुनानक जयंती, बँकांना सुट्टी. २० तारखेला बुधवारी विधानसभेचं मतदान, कारखाना बंद. २३ ला चौथा शनिवार आणि वर मतमोजणी. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून रोज चोवीस तास चालतं हे खरं, पण आमचं पेमेंट दोन सह्यांशिवाय निघत नाही आणि सह्या करणारे चोवीस तास चालत नाहीत. गुरुवारच्या पेमेंटचं प्रपोजल आदल्या दिवशी, बुधवारी, मंजुरीला जातं, आणि तो बुधवार मतदानाचा. तेव्हा गुरुवार २१ ही तारीख कागदावर छान दिसत होती पण आतून पोकळ होती. मी शुक्रवार २२ धरली. एक दिवस हाताशी आणि तरी मुदतीच्या आत.

आता २२ खरी व्हायची तर ऑडिटचा होकार मंगळवारी १९ ला संध्याकाळपर्यंत हवा. मी मॅनेजरांना म्हटलं, अकरा व्हेंडर आहेत, हा पहिला घ्याल का? त्यांनी खांदे उडवले. क्रमाचं त्यांना काहीच नव्हतं, यादी अक्षरानुक्रमे होती एवढंच! फक्त एक अट घातली: तपासणी होईपर्यंत व्हेंडरला चलन नंबरबद्दल काही विचारायचं नाही. खरोखर डबल बिल असेल तर आपण आधीच सावध केल्यासारखं होतं. अट पटली, पण मग पुरावा आणायचा कुठून? काकांकडून दोन चलनांच्या प्रती मागवल्या असत्या तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

आमच्या गेटवरचा जाडजूड आवक रजिस्टर कुणाच्या लक्षात नव्हता. सिक्युरिटीवाले त्यात गाडी नंबर, आत-बाहेरची वेळ आणि चलन नंबर हाताने लिहितात. दुसरा पुरावा ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखावरचा माल हलवला की ते लागतं, आणि पाठवणाऱ्याने काढलेलं ई-वे बिल माल घेणाऱ्याला स्वतःच्या लॉगिनमधून पाहता येतं. म्हणजे काकांना न विचारता बघता येणार होतं. दोन खेपा झाल्या असतील तर दोन नंबर दिसतील.

एवढं जुळल्यावर मी ऑडिट मॅनेजरांकडून "१९ नोव्हेंबर संध्याकाळपर्यंत या दोन बिलांवर निर्णय देऊ" असं मेलवर घेतलं, आणि दोन्ही सह्या करणारे २१ व २२ ला जागेवर आहेत का हे विचारून घेतलं. हेड सरांना स्पष्ट विचारलं, निर्णय उलटा आला तर? म्हणजे डबल बिल निघालं तर? ते म्हणाले, "तर एका बिलाचा तरी माल आलाच आहे ना. ते २२ ला जाईल. दुसऱ्याबद्दल लेखी कळवू." तेव्हा कुठे माझ्या हातात सांगण्यासारखी तारीख आली. यात सोमवारची दुपार आणि अख्खा मंगळवार गेला. मेल लिहायला पंचवीस मिनिटं लागली.

मेल बुधवारी १३ तारखेला गेला. मराठीतच लिहिला, कारण तो काका लाकूडवाल्याला दाखवणार हे मला माहीत होतं. विषयाच्या ओळीत तिन्ही बिलांचे नंबर आणि "नवी पेमेंट तारीख २२ नोव्हेंबर २०२४" एवढंच. खालचा मजकूर असा:

"काका, नमस्कार. सोमवारी फोनवर बोललो त्याप्रमाणे लेखी कळवते. ३ ऑक्टोबरच्या मालाचं १,०४,००० रुपयांचं बिल ठरल्याप्रमाणे उद्या, १४ नोव्हेंबरला जमा होईल. ९ आणि १० ऑक्टोबरच्या मालाची दोन बिलं, एकूण ३,१२,००० रुपये, मी १४ तारखेला देऊ म्हटलं होतं, ती त्या दिवशी जाणार नाहीत. आमच्याकडे इंटर्नल ऑडिट चालू आहे आणि त्यात माल-आवक नोंदींची तपासणी होत आहे. या दोन बिलांची रक्कम शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी ५ पर्यंत तुमच्या नेहमीच्या खात्यात एनईएफटीने जमा करू. तपासणीत काही प्रश्न निघाला तर १९ तारखेला संध्याकाळपर्यंत मी स्वतः फोन करून लेखी कळवेन. फोन आला नाही तर २२ ही तारीख पक्की समजा. पैसे गेल्यावर यूटीआर नंबर पाठवते. खात्याच्या तपशिलात काही बदल नाही. तसा बदल मागणारा मेल आमच्या नावाने आला तर आधी मला फोन करा. आधी दिलेली तारीख बदलावी लागली याबद्दल दिलगीर आहे."

यातल्या दोन वाक्यांवर हेड सर आणि माझी वादावादी झाली. मी आधी लिहिलं होतं, "यात तुमच्याकडून काही चूक नाही." सरांनी ते काढायला लावलं. तपासणी व्हायचीय, मग प्रमाणपत्र कसं देतेस? मला ते रुक्ष वाटलं, पण बरोबर होतं. उलट त्यांनी "तपासणीअंती व मंजुरीच्या अधीन राहून" असा शेपूट २२ तारखेला जोडला होता. तो मी काढायला लावला. त्या शेपटासकट लाकूडवाल्याने तो मेल हातात धरला नसता. त्याऐवजी १९ तारखेच्या फोनचं वाक्य आलं. अट राहिली, पण तिलाही तारीख मिळाली.

काकांच्या मुलाचं एका ओळीचं उत्तर आलं: "मिळाले. बाबा लाकूडवाल्याकडे गेलेत." संध्याकाळी काकांचा फोन. लाकूडवाल्याने मेल वाचला, १४ च्या पैशांतून एक लाख घेतले, जुना चेक परत दिला आणि उरलेल्या दोन लाखांचा २५ तारखेचा नवा घेतला.

तपासणी मजेशीरच निघाली. गेट रजिस्टरमध्ये ९ आणि १० ऑक्टोबर, दोन्ही दिवशी टेम्पोची नोंद होती आणि चलन नंबर वेगवेगळे होते. ई-वे बिलंही दोन. दसरा १२ तारखेला, त्याआधी निर्यातीचा माल काढायचा म्हणून लागोपाठ दोन दिवस १२० पॅलेट आले होते. आमच्या स्टोअरच्या मुलाने दुसऱ्या दिवशीची नोंद करताना आदल्या दिवशीची एंट्री कॉपी केली, तारीख बदलली, चलन नंबर बदलायचा राहिला. एवढंच. १९ ला दुपारी तीन वाजता मॅनेजरांचा होकार मेलवर आला. सोबत एक ओळ: चुकलेला जीआरएन रद्द करून बरोबर चलन नंबरने पुन्हा करावा.

ही ओळ आम्हाला महागात पडणार होती. जीआरएन रद्द करायचा तर आधी त्यावरचं बिल उलटवावं लागतं. स्टोअरने नवा जीआरएन केला, मी बिल पुन्हा बुक केलं, ब्लॉक काढला आणि १९ ला साडेसहाला समाधानाने घरी गेले. २१ ला दुपारी पेमेंटचं प्रपोजल काढलं तर त्यात काकांचं एकच १,५६,००० चं बिल. दुसरं गायब! ब्लॉक नाही, रक्कम बरोबर, तरी नाही. दहा मिनिटं मी तीच तीच स्क्रीन बघत बसले. मग मुदतीच्या रकान्याकडे लक्ष गेलं: ३ जानेवारी २०२५. सिस्टिमच्या हिशोबाने बिल १९ नोव्हेंबरला जन्मलं होतं, आणि ४५ दिवस तिथून सुरू झाले होते.

एक दिवस हाताशी ठेवला होता तो इथे कामी आला. बिलाची मूळ तारीख, ज्यावरून मुदत मोजली जाते ती, हाताने दुरुस्त करून १० ऑक्टोबर केली. त्याला मंजुरी लागते, ती शुक्रवारी सकाळी मिळाली. प्रपोजल पुन्हा काढलं, दोन्ही बिलं आली. पहिली सही साडेबाराला, दुसरी पावणेतीनला. ३ वाजून ४० मिनिटांनी यूटीआर आला आणि तो मी त्याच मेलच्या साखळीत काकांना पाठवला, नवा मेल न करता, म्हणजे तारीख दिलेली आणि तारीख पाळलेली एकाखाली एक राहील.

उरलेल्या दहा व्हेंडरांपैकी सहांना आमच्या सहकाऱ्याने तो साच्यातला मेल पाठवला होता. त्या आठवड्यात त्याचा फोन सतत वाजत होता. त्याने माझा मसुदा मागितला, मी दिला, आणि सांगितलं की तारखेच्या जागी स्वतःची तारीख घाल. त्याने विचारलं, "ती कुठून आणू?" मी त्याला गेटवर पाठवलं.

काकांचा फोन सोमवारी आला, चेक वटल्याचं सांगायला. मग म्हणाले, "मॅडम, आता सांगा, अडलं काय होतं?" आता सांगायला हरकत नव्हती, सांगितलं. ते बराच वेळ हसले. पुढच्या खेपेपासून त्यांच्या चलनावर नंबर लाल शाईत, बोटभर मोठा येतो.